भिंतीकडची पानं

भिंगमावशीपुढे आजारी पान धरलं की ती आधी त्याची कड बघायची. मधला भाग कितीही हिरवागार असू दे, तिला त्याचं काडीचं कौतुक नसे. "पानाचं पोट शेवटपर्यंत थापा मारतं, कडेला ते जमत नाही," असं म्हणून ती गळ्यात दोरीने अडकवलेलं भिंग डोळ्याला लावायची आणि पुढची पाच मिनिटं कुणी हाक मारली तरी ओ द्यायची नाही. त्या भिंगामुळेच तिला हे नाव पडलं होतं. खरं नाव हजेरीच्या वहीत होतं आणि तिथेच सुखाने पडून होतं.

सोळाव्या वर्षी ती रोपवाटिकेत रिकाम्या कुंड्या धुवायला लागली होती. आता अठ्ठावन्न संपत आलेली. मधल्या काळात कुंड्या धुता धुता बाई अशी तयार झाली की नऊ कार्यालयं, दोन दवाखाने आणि एक वाचनालय, एवढ्यांची झाडं तिच्या हवाली होती. चाकांच्या पिशवीत लांब चोचीची झारी, कात्री, जुन्या बनियनची फडकी आणि साबणाच्या पाण्याची फवारणीची बाटली घेऊन ती सोमवार ते शनिवार हिंडायची. लोक तिला वचकून असत, कारण ती झाडाकडे बघून माणसांबद्दल बोलायची. दातांच्या डॉक्टरला तिने एकदा पेशंटसमोर सुनावलं होतं, "चूळ भरून उरलेलं पाणी कुंडीत ओतता तुम्ही. पान खाली वळलंय, मऊ पडलंय, जड झालंय. बुडतंय ते." डॉक्टर निमूटपणे हसले होते. दुसरं काय करणार?

ती चुकत नसे, आणि हे तिला पुरेपूर ठाऊक होतं. तिच्या बाबतीत वाईट म्हणण्यासारखं काही असेल तर एवढंच.

तिच्या घरी तिची भाची होती. बहीण गेली तेव्हा ही मुलगी सहा वर्षांची होती. हट्टी, गोल चेहऱ्याची, लाकडी बाहुलीसारखी जागची न हलणारी, म्हणून मावशीने तिला ठकी म्हणायला सुरुवात केली आणि ते नाव चिकटलं. आता ठकी चोवीस वर्षांची होती आणि साडेपाच महिन्यांपूर्वी मावशीच्याच शब्दाखातर एका कार्यालयात लागली होती. तिसरा मजला, लांबलचक खोली, पन्नास-साठ माणसं कानाला हेडफोन लावून दिवसभर लोकांच्या तक्रारी ऐकणारी. सहा महिने उमेदवारीचे, मग कायम. तिची खुर्ची मागच्या रांगेत, प्लायवुडच्या लांब भिंतीला पाठ लावून. त्या भिंतीशी सहा कुंड्या होत्या: दोन पीस लिली, तीन कॅलाथिया, आणि ठकीच्या खुर्चीला लागून सिमेंटच्या भल्यामोठ्या कुंडीतला रबराचा वृक्ष.

त्या सोमवारी मावशी तिथे पोचली तेव्हा भिंतीकडच्या पाच कुंड्यांतली पानं वर वळलेली होती. दोन्ही कडा वर उचलून आत आलेल्या, होडीसारख्या, आणि टोकं तपकिरी, कुरकुरीत.

"काय झालंय त्यांना?" ठकीने दोन फोनांच्या मधे हेडफोन कानावरून सरकवत विचारलं.

"तहान," मावशी म्हणाली. "पाणी कमी पडलं, नाहीतर हवा तापली, कोरडी झाली, की पान कडा वर घेतं. अंग चोरतं. जेवढं उघडं, तेवढं पाणी उडतं ना." तिने मातीत दोन पेरं बोट घातलं. माती खडखडीत. "बघ. शनिवार-रविवार एसी बंद, खोली तापली असणार."

निदान बरोबर होतं. तहान होतीच. फक्त ती तहान कुठून आली, हे विचारायचं राहून गेलं. कुंडीच्या तळातून पाणी बाहेर येईपर्यंत तिने पाणी घातलं आणि नेहमीच्या सवयीने प्रत्येक कुंडी पाव फेरा फिरवली. ही सवय तिला रोपवाटिकेतल्या मुकादमाने लावली होती. झाडाच्या चारही अंगांना सारखा उजेड मिळाला पाहिजे, नाहीतर ते एकीकडे कलतं. चाळीस वर्षं ती कुंडी न फिरवता कुठल्याही खोलीतून बाहेर पडलेली नव्हती. रबराच्या झाडाची कुंडी मात्र दोन माणसांनाही हलत नव्हती, तेव्हा तिची समोरची पानं पुसून ती निघाली.

गुरुवारी माती ओली होती आणि पानं तरीही वर वळलेलीच. आता मावशीच्या कपाळाला आठी पडली.

"फुलकिडे असतील," ती पुटपुटली. फुलकिडे कोवळ्या पानाचा रस शोषतात तेव्हाही कडा वर वळतात, पण ते मागे खुणा ठेवतात: चंदेरी ओरखडे आणि त्यांवर काळे ठिपके. तिने एकेक पान उलटं करून भिंगाखाली धरलं. ओरखडा नाही, ठिपका नाही. पांढऱ्या कागदावर पान झटकलं, काही पडलं नाही. तिला बरं वाटायला हवं होतं, पण तसं वाटेना. भिंगाखाली काहीच न सापडणं तिला मुळीच आवडत नसे.

"मावशी, इथे वास येतो," शेजारच्या खुर्चीवरची मुलगी म्हणाली. "अंड्यासारखा. तुमच्या कुंड्यांतून येतो का?"

मावशीने नाक कुंडीजवळ नेलं. येत होता, थोडासा. "येईल. माती ओली राहिली की येतो," ती तुटकपणे म्हणाली. मनातून मात्र ती चरकली. कारण तीन दिवसांपूर्वी घातलेलं पाणी एवढ्यात आंबायला नको होतं. तरी तिने पुन्हा थोडं पाणी घातलं, कारण पान तहान म्हणत होतं, आणि पुन्हा कुंड्या फिरवल्या.

दुसऱ्या आठवड्यात प्रकरण विचित्र झालं. वरची पानं वरच वळलेली, आणि खालची पिवळी पडून खाली झुकलेली, कडा आतून खाली दुमडलेल्या, देठापासून मऊ. एकाच झाडावर दोन दिशा. मावशीने पिशवी खाली ठेवली आणि ती नुसती बघत उभी राहिली. खाली वळणारी पानं कसली हे तिला झोपेतही सांगता आलं असतं. पाणी जास्त झालं की मुळांचा श्वास कोंडतो, पान जड होतं आणि खाली दुमडतं. कधी कोळ्यांनीही तसं होतं, अगदी बारीक, डोळ्यांना न दिसणारे कोळी. पण ते शेंड्याचं कोवळं पान पकडतात, ते आखडतं, कडक, चकचकीत होतं. इथे शेंडा नव्हे, तळ बिघडला होता. तिने एक पीस लिली कुंडीतून उपसून पाहिली. मुळं काळी, बोटाने दाबली की साल निघून येत होती.

म्हणजे हा तिचाच पराक्रम. चाळीस वर्षांत पहिल्यांदा भिंगमावशीने झाड बुडवलं होतं. तिच्या कानशिलांपर्यंत लाज चढली. तिने इकडेतिकडे पाहिलं, कुणाचं लक्ष नव्हतं. पिवळी पानं तिने भराभरा कापली आणि पिशवीच्या तळाशी फडक्याखाली दडवली. ठकी बघत होती.

"काही बिघडलंय का गं?"

"नाही. तू फोन घे तुझा."

वरची पानं मग वर का वळलेली, हा प्रश्न तिने स्वतःपुढे धरलाच नाही. पाण्याचा घोळ झाला की सगळंच बिघडतं, अशी तिने मनाची समजूत घातली. एखाद्या शिकाऊ पोरीने तिला हे उत्तर दिलं असतं तर तिने तिला फाडून खाल्लं असतं.

व्यवस्थापक साहेबांनी तिसऱ्या सोमवारी तिला केबिनमध्ये बोलावलं. माणूस वाईट नव्हता, पण त्याच्या डोक्यात एका वेळी एकच गोष्ट मावायची, आणि त्या आठवड्यात ती गोष्ट म्हणजे वरून येणारे पाहुणे. "मावशी, मागची रांग अगदी रया गेल्यासारखी दिसते. बदलून टाका ना. काहीतरी दणकट ठेवा." मावशीला सुटल्यासारखं झालं. तिने पाच कुंड्या उचलून नेल्या आणि त्या जागी सर्पपर्ण ठेवलं. जाड, ताठ, तलवारीसारखी पानं. त्याला पाणी विसरा, ऊन विसरा, ते महिनोन् महिने तक्रार करत नाही. रांग पुन्हा झकास दिसू लागली.

आजारी कुंड्या तिने घरी गॅलरीत आणल्या, सडलेली मुळं कापली, कोरड्या मातीत लावल्या. पाणी घातलं नाही. फवारलं नाही. गुरुवारी सकाळी चहाचा कप हातात घेऊन ती गॅलरीत गेली आणि तशीच उभी राहिली. कॅलाथियाची वरची पानं उलगडून सपाट झाली होती. तपकिरी टोकं तेवढी राहिली होती.

पाणी घातलेलं नसताना तहान गेली. औषध नसताना वळण गेलं. म्हणजे तो आजार कुंडीतला नव्हता. तो त्या जागेचा होता.

चहा तसाच कठड्यावर ठेवून ती निघाली. त्या दिवशी आधी वाचनालयाची पाळी होती, पण ती तिकडे फिरकलीसुद्धा नाही.

कार्यालयात पोचल्यावर तिला पहिल्यांदा जाणवला तो वास. आंबलेल्या कुंड्या तिथून जाऊन तीन दिवस झाले होते आणि वास वाढला होता. तिने ठकीला खुर्ची पुढे घ्यायला लावली आणि गुडघे कुरकुरत असताना ती रबराच्या झाडामागे भिंतीच्या सांदीत शिरली. ह्या बाजूची पानं तिने तीन आठवड्यांत एकदाही पाहिली नव्हती. समोरची पानं रुंद, सपाट, चकचकीत. भिंतीकडची, खालच्या तीन फांद्यांची, सगळीच्या सगळी वर वळून नळीसारखी झालेली, कडा जळून करड्या पडलेल्या. रबराचं पान जाड असतं, ते सहजासहजी वळत नाही.

आता तिला सगळं समजलं. त्या पाच कुंड्यांचीही भिंतीकडचीच पानं भाजत होती. पण दर खेपेला ती त्यांना पाव फेरा फिरवत होती. आज भाजलेलं अंग पुढच्या खेपेला बाजूला, बाजूचं अंग भिंतीकडे. चारही बाजूंनी पानं वळली आणि दुखणं कुठल्या दिशेने येतंय ते दिसेनासं झालं. ही एक कुंडी हलवता आली नाही म्हणून तिच्यावर ते नीट लिहिलेलं राहिलं.

तिने भिंतीवर तळहात ठेवला. खांद्याशी कोमट. कमरेशी ऊन. गुडघ्याच्या उंचीवर तिने हात झटकन मागे घेतला.

"ह्या भिंतीपलीकडे काय आहे गं?"

"बॅटऱ्यांची खोली. लाईट गेली की त्यांच्यावर चालतं ना सगळं. कुलूप असतं." ठकी हसली. "भिंत गरम आहे ना? मला बरं पडतं, एसीचा गारवा लागत नाही पाठीला. पंधरा दिवस झाले, मी शालसुद्धा आणत नाही."

मावशीने तिच्या पाठीकडे पाहिलं. खुर्ची जागेवर असली की तिची पाठ आणि भिंत ह्यांच्यात वीतभरच जागा उरायची.

"ऊठ तिथून."

"मावशी, उद्या माझं कायमचं पत्र आहे. जागेवर नसले की यंत्रात नोंद होते. काय झालं ते तरी सांग."

मावशी साहेबांकडे गेली. भिंत तापलीय, पलीकडे काहीतरी बिघडलंय, पोरींना तिथून उठवा, असं तिने एका दमात सांगितलं. साहेब आले, उभ्या उभ्या त्यांनी खांद्याच्या उंचीवर भिंतीला हात लावला. "जरा कोमट आहे खरी. खालीही असेल, मशिनं असतात ना आत. त्या खोलीची किल्ली देखभालीच्या कंपनीकडे असते." त्यांनी तिच्यासमोरच फोन लावला. खोलीचा एसी महिन्याभरापासून बंद असल्याचं तिकडून कळलं. माणूस शनिवारी येणार होता.

"शनिवारी नाही, आत्ता," मावशी म्हणाली. "निदान रांग तरी रिकामी करा. खाली वाकून हात लावून बघा एकदा."

"चौदा खुर्च्या आहेत, मावशी. फोन तुंबलेत. तुम्ही झाडांचं बघा, विजेचं बघणारे आहेत." त्यांनी हे मऊ आवाजात सांगितलं, आणि तेवढ्यात त्यांचा स्वतःचा फोन वाजला.

मावशी तशीच मधल्या वाटेत उभी राहिली. तिच्या हातात काय होतं? उष्णतेबद्दल तिचं कुणी ऐकणार नव्हतं, विजेबद्दल तर नाहीच. ह्या इमारतीत तिचा शब्द चालायचा तो एकाच बाबतीत. खोटं निदान तिने आयुष्यात कधी केलं नव्हतं. ती मागच्या रांगेशी गेली, भिंग डोळ्याला लावलं, रबराचं एक पान उलटं केलं आणि चांगल्या खणखणीत आवाजात म्हणाली, "कीड आहे. कोळी. भिंतभर पसरलेत. माणसाच्या अंगावर चढतात हे."

झाडांवरचे कोळी माणसाच्या वाटेला जात नाहीत. पण हे तिथे एकट्या तिलाच माहीत होतं. शेजारच्या मुलीने पाय वर घेतले. दुसरीने मान खाजवली. तिसरीला दंडावर पुरळ सापडलं, जे बहुधा गेल्या आठवड्यापासून होतं. तीन मिनिटांत रांग उठली आणि साहेब धावत आले.

"हे आधी नाही का सांगायचं, मावशी? किती वेळ लागेल?"

"दोन तास. फवारावं लागेल. औषध कडक आहे, कुणी जवळ यायचं नाही."

चौदाजणींना समोरच्या टोकाला प्रशिक्षणाच्या खोलीत बसवलं. मावशीने साबणाचं पाणी काढलं आणि रांगेच्या पार लांबच्या टोकाला बसून, ठणठणीत सर्पपर्णावर फवारायला लागली. नजर रबराच्या झाडावर होती. वास आता घशाशी येत होता. तेवढ्यात ठकी परत आली.

"माझा हेडफोन राहिलाय तिथे. हरवला तर भरून द्यावा लागतो."

"जाऊ नकोस."

"मावशी, दोन पावलं आहेत. श्वास रोखून जाते."

"ठकी, मी सांगते ना, जाऊ नकोस." तो आवाज ठकीने फार वर्षांपूर्वी एकदा ऐकला होता, आई गेली त्या दिवशी. ती जागच्या जागी थांबली. मावशीने उठून तिचं मनगट धरलं आणि ती तिला ओढत मधल्या वाटेने दाराकडे निघाली.

त्या दोघी खोलीच्या मध्यापर्यंतही पोचल्या नव्हत्या. भिंतीवरचा रंग गुडघ्याच्या उंचीला आधी तपकिरी झाला, मग त्यावर फोड आले. आत कपाट पडावं तसा धप्प आवाज झाला, पाठोपाठ दुसरा. प्लायवुड फाटलं आणि त्यातून पिवळट, जाड धूर जमिनीलगत बाहेर आला. ठकीच्या खुर्चीची पाठ आधी वितळली, मग पेटली. कुणी किंचाळलं नाही, सगळेच खोकत होते. वॉचमनने खाली मेन स्विच पाडला. जिन्याने सगळे उतरले, साहेब सर्वांत शेवटी, तोंडाला रुमाल लावून माणसं मोजत. साठच्या साठ भरली.

रस्त्यापलीकडे सगळे घोळक्याने उभे राहिले. अग्निशामक दलाची माणसं आत-बाहेर करत होती. "नशीब बघा," साहेब ज्याला त्याला सांगत होते, "आजच कीड निघाली. आजच. नाहीतर चौदा पोरी तिथे होत्या." शेजारच्या खुर्चीवरच्या मुलीने मावशीला मिठी मारली आणि कोळ्यांचे आभार मानत ती रडत रडत हसली. मावशीने तिच्या पाठीवर हात फिरवला.

दलाचा प्रमुख काजळी पुसत आला. "बॅटऱ्या फुगून फुटल्यात. हे एका दिवसाचं काम नाही," तो साहेबांना म्हणाला. "दोन-तीन आठवडे तरी तापत असणार. वासही आला असेल. कुणाच्याच लक्षात आलं नाही?"

ठकी मावशीकडे वळली. तिच्या हातात तिला कुणीतरी दिलेली पाण्याची बाटली होती, ती तिने उघडली नव्हती.

"कीड नव्हती ना?"

"नव्हती."

"तुला माहीत होतं."

"आज सकाळी कळलं."

"पण काहीतरी चुकतंय हे तुला दुसऱ्या आठवड्यातच कळलं होतं. तू पानं कापून पिशवीत लपवलीस, मी पाहिलं. मी विचारलं तुला. तू म्हणालीस, तू फोन घे तुझा."

मावशीने तोंड उघडलं. पाणी, हवा, मुळं, सगळी उत्तरं जिभेवर होती, चाळीस वर्षांची. त्यातलं एकही तिने दिलं नाही.

"मला वाटलं, माझं चुकलंय हे लोकांना कळेल," ती म्हणाली. "म्हणून कुणाला विचारलं नाही. आणि तू तिथे बसलेली होतीस."

ठकी थोडी बाजूला सरकून उभी राहिली, फार नाही, हातभर, आणि दोघी धुराकडे बघत राहिल्या.